पाकिटातलं कार्ड आणि घरातली माणसं

अवयवदान हे कर्तव्य की दान, हा वाद सभागृहात छान रंगतो. पण त्याचा निकाल लागतो तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर. तिथे जो बसलेला असतो, त्याने हा वाद कधी ऐकलेलाही नसतो.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला चाळिशीचा माणूस घ्या. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, पडद्यावर नाडी दिसते आहे. डॉक्टरांना मात्र शंका आली आहे की मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, संपला आहे. मग तपासण्या सुरू होतात. डोळ्यांवर प्रकाश टाकतात. बाहुली आकसत नाही. बुबुळाला कापसाचं टोक लावतात. पापणी मिटत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडतात. डोळे हलत नाहीत. शेवटी व्हेंटिलेटर सोडवून नळीतून नुसता ऑक्सिजन देतात आणि छातीकडे पाहत थांबतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिलिमीटरच्या वर गेला तरी श्वासाचा एकही प्रयत्न होत नाही. निदान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करतात, आणि चार डॉक्टर सही करतात. १९९४च्या कायद्याप्रमाणे हा मृत्यू आहे. कोमातला रुग्ण कधी जागा होऊ शकतो, हा होत नाही.

आता अवयवदानाचा समन्वयक बाहेर येतो आणि बायकोला, भावाला विचारतो, अवयव द्याल का? त्यांना पहिला प्रश्न पडतो, ‘अहो, पण श्वास चालू आहे ना?’ दुसरा प्रश्न त्याहून अवघड असतो: ‘त्यांना चाललं असतं का?’ याचं उत्तर ठाऊक नसलं की बहुतेक घरं ‘नको’ म्हणतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. गेलेल्या माणसाच्या शरीराबद्दल अंदाजाने हो म्हणायला कोण धजेल?

गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवतात, तशी ही गोष्ट आहे. कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात घालून माणूस निघून गेला, आणि मागे घरात नळ वाहू लागला, तर शेजाऱ्याने काय करायचं? दार फोडायचं? पाकिटातलं दात्याचं कार्ड म्हणजे ती खिशातली किल्ली. किल्ली द्यायची, शिवाय सांगायचंही: नळ कुठला, मीटर कुठे, काय उघडलं तर चालेल. कायद्याने हे आधीच ओळखलं आहे. लेखी संमतीला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. आता आधार क्रमांक घालून मोबाइलवरून नोंदणी होते, आणि शेजारी बसलेल्या बायकोलाही पत्ता लागत नाही. नोंदणी जरूर करावी, पण घरी सांगावं. पुन्हा सांगायला हवं: घरी सांगावं.

कर्तव्य म्हणून कायद्यानेच हे सक्तीचं का करू नये, असं काहीजण विचारतात. स्पेनने जवळपास तसंच केलं. तिथल्या १९७९च्या कायद्याप्रमाणे ज्याने नकार नोंदवला नाही, तो दाताच. तरी दहा वर्षांनीही मरणोत्तर दात्यांचा आकडा दहा लाख लोकांमागे १४च्या आसपासच होता. १९८९मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले गेले. हे बहुधा अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर, नातेवाइकांशी बोलायला शिकवून तयार केलेले. दहा वर्षांत आकडा ३०च्या पुढे गेला. कायदा तोच होता, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय तिथे आजही अवयव काढत नाहीत. आपल्याकडे हे प्रमाण दहा लाखांमागे एकसुद्धा नाही.

म्हणून अवयव देणं हे दानच राहू द्यावं, आणि ते दान प्रत्यक्षात घरचेच करतात. कर्तव्य म्हणायचंच असेल तर ते जिवंतपणी बोलण्याचं. काहीजणांना ‘नको’ म्हणायचं असेल, तर तेही घरी सांगावं. बाकड्यावरच्या माणसाला त्या ‘नको’चाही आधार वाटतो.

अपघाताच्या केसमध्ये पोलीस आणि शवविच्छेदन यांचं काय, यावर बोलायला आता वेळ उरलेला नाही. एवढंच, की पोलीस केस आहे म्हणून दान अडतंच असं नाही. आणि एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांसाठी वरचा सगळा प्रवास लागतो. डोळ्यांसाठी लागत नाही. घरी, म्हातारपणाने गेलेल्या माणसाचेही डोळे देता येतात, चष्मा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो. पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि सहा तासांच्या आत डोळे काढून होतील अशा बेताने नेत्रपेढीला लगेच फोन करावा. तो नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवावा.