तारखा उलट्या मोजाव्यात

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला २१ एप्रिलला उभी राहते. समजा, आपणही वसईत त्याच दिवशी प्रारंभ करणार आहोत आणि व्याख्यानांचे प्रस्ताव मागविले आहेत. वक्त्यांना होकार कधी कळवावा?

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. संपाची नोटीससुद्धा तारखेवरून उलटी मोजतो. नागपूरचा वक्ता २० एप्रिलला गाडीत बसणार. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी, म्हणजे १९ फेब्रुवारीस उघडते, आणि सुट्टीच्या दिवसांत जागा भराभर संपतात. म्हणून होकाराचे पत्र १० फेब्रुवारीस गेले पाहिजे व उत्तर १५ पर्यंत आले पाहिजे. एखाद्याने नकार दिला, तर राखीव यादीतल्या वक्त्याला विचारायला चार दिवस उरतात.

आता परीक्षकांचे पाहू. प्रस्ताव ३६, परीक्षक तीन, प्रत्येक प्रस्ताव दोघांनी वाचायचा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २४. विरारच्या लोकलमधून लोंबकळत घरी आलेला माणूस एका संध्याकाळी चारच नीट वाचील. आठवड्यात दोन संध्याकाळी मोकळ्या धरल्या, तर तीन आठवडे लागतात. म्हणून प्रस्तावांची मुदत १० जानेवारी, शेरे ३१ पर्यंत, त्यानंतर निवडीची बैठक.

बिघडते ते मुदत "आठच दिवस" वाढविल्याने. ते दिवस वाचनातूनच कापले जातात. सगळे शेरे शेवटच्या रात्री, एकेका ओळीचे आले, की ओळखावे : वाचन झालेले नाही. नकाराची पत्रेही १० तारखेलाच धाडावीत. ताटकळलेला वक्ता तो दिवस दुसरीकडे देऊ शकत नाही.