‘परत घेतलं जाणार नाही’ या ओळीच्या आधी



घराच्या दारावरची नावाची पाटी आता पुष्कळदा ऑनलाइन मागवली जाते. सागवानी लाकूड, पितळ किंवा अ‍ॅक्रिलिक निवडायचं, नाव लिहायचं, पैसे भरायचे. विकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही विक्री साडी किंवा डब्याच्या विक्रीपेक्षा वेगळी आहे. परत आलेली साडी दुसऱ्याला विकता येते, ‘कऱ्हाडकर’ कोरलेली पाटी येत नाही. म्हणून अशा वस्तूच्या लिस्टिंगखाली हमखास एक ओळ असते : ‘माल परत घेतला जाणार नाही’. ती ओळ टिकते की कोसळते, हे तिच्या आधी काय घडलं यावर ठरतं. आज मी त्या ‘आधी’बद्दल बोलणार आहे.

सुरुवात मजकुराच्या चौकटीपासून. बहुतेक लिस्टिंगमध्ये एकच रिकामी चौकट असते आणि वर लिहिलेलं असतं, ‘तुमचा मजकूर इथे लिहा’. ग्राहक तिथे नाव लिहितो, घराचं नाव लिहितो, आणि ‘जरा मोठ्या अक्षरात करा हं’ हेही तिथेच लिहितो. यातलं कोरायचं काय आणि सूचना कोणती, हे कारागिराने ओळखायचं. त्यापेक्षा प्रत्येक ओळीला वेगळी चौकट द्या : पहिली ओळ घराचं नाव, दुसरी ओळ आडनाव, तिसरी फ्लॅट क्रमांक. सूचनांसाठी चौथी चौकट, आणि तिच्यावर स्पष्ट लिहा : ‘इथला मजकूर कोरला जाणार नाही’. प्रत्येक चौकटीखाली एक नमुना द्या. रिकामी सोडलेली ओळ पाटीवर येणार नाही, हेही सांगा. अंक ३०२ असे हवेत की इंग्रजी, हा पर्याय निवडायला द्या; तो अंदाजावर सोडू नका.

मराठी मजकुराच्या दोन अडचणी इथेच उभ्या राहतात. पहिली लिपीची. ग्राहकाने Kale असं टंकलं तर ते काळे की काले? कारागीर आपल्या माहितीतलं आडनाव धरून चालतो आणि तिथेच चूक होते. म्हणून नियम एकच असावा : देवनागरी पाटीचा मजकूर देवनागरीतच लिहायचा, जमत नसेल तर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायचा. लिप्यंतर आपण आपल्या मनाने करायचं नाही.

दुसरी अडचण अक्षरमर्यादेची आहे. ‘श्री. व सौ. कऱ्हाडकर’ यात आपल्याला आठ अक्षरं दिसतात. संगणक मात्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, टिंब आणि मोकळी जागा सगळं वेगळं मोजतो. त्याच्या हिशेबाने हा मजकूर वीस खुणांचा होतो. पाटीवर बारा-पंधरा अक्षरं मावतात म्हणून चौकटीची मर्यादा पंधरावर ठेवली, तर ग्राहकाला आडनाव पुरतं टंकताच येत नाही. मग तो ‘श्री. व सौ.’ गाळतो किंवा नाव तोडतो, आणि आपल्याला वाटतं त्याला तेवढंच हवं होतं. म्हणून चौकटीची मर्यादा सैल ठेवावी, आणि पाटीवर खरोखर किती मावतं ते नमुन्याच्या चित्राने दाखवावं.

आता प्रूफ. याच कऱ्हाडकरांची ऑर्डर पुढे नेऊ. ग्राहकाने मजकूर युनिकोडमध्ये टंकला. कार्यशाळेतला सुंदर वळणाचा फॉण्ट जुन्या पद्धतीचा आहे. त्यात युनिकोड मजकूर चिकटवला की अक्षरांचा कचरा होतो. मग ऑपरेटर तो हाताने पुन्हा टंकतो. चूक शिरते ती बहुधा याच टप्प्यावर. ‘ऱ्ह’च्या जागी रफार येतो आणि ‘कर्हाडकर’ तयार होतं, वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ होते. म्हणून प्रूफ सजावटीच्या नमुन्यावरून काढू नये. मशीनला जी फाइल जाणार, अक्षरांच्या बाह्यरेषा झालेली, तीच प्रूफ म्हणून पाठवावी. तिच्याखाली ग्राहकाचा मूळ मजकूर जसाच्या तसा चिकटवावा, म्हणजे दोन्ही एका नजरेत पडताळता येतात. त्यावर ऑर्डर क्रमांक, प्रूफची आवृत्ती, मोजमाप आणि रंग लिहावा.

आपलं नाव माणूस वाचत नाही, ओळखतो. त्यामुळे त्यातली चूक त्याच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून ‘ठीक आहे का?’ असं विचारू नये. ‘प्रत्येक अक्षर शेवटून सुरुवातीकडे तपासा, घरातल्या आणखी एकाला दाखवा, आणि “आवृत्ती २ मंजूर” असं लिहून पाठवा’ असं सांगावं. अंगठ्याची खूण पुरेशी धरू नये. ती कोणत्या आवृत्तीसाठी होती, हे महिन्याने कोणालाच सांगता येत नाही. बाजारपेठेच्या संकेतस्थळावर विकत असाल तर मंजुरी तिथल्याच संदेशपेटीत घ्यावी, कारण तक्रार झाली की ते लोक आधी तीच पाहतात.

उत्तरच आलं नाही तर? मौन म्हणजे संमती धरून कोरायला घेऊ नये. आपल्या ई-कॉमर्स नियमांची, २०२० च्या, दिशाही हीच आहे : ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतून यायला हवी, आधीच खूण करून ठेवलेली चौकट चालत नाही. लिस्टिंगमध्ये असं लिहा : प्रूफ एका दिवसात मिळेल, दोन दुरुस्त्या मोफत, मंजुरीनंतर पाच कामाच्या दिवसांत माल निघेल, सात दिवसांत उत्तर न आल्यास ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत. मुदत मंजुरीपासून मोजण्याला फार महत्त्व आहे. तसं लिहिलं नाही, तर ग्राहकाने प्रूफ अडवून ठेवलेले दिवसही आपल्याच उशिरात धरले जातात.

आता ती शेवटची ओळ. भारतात ‘मन बदललं म्हणून परत’ असा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे ग्राहकाच्या मजकुरावर बनलेली वस्तू त्या कारणासाठी परत न घेण्याची अट घालता येते. युरोपीय संघात चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क आहे, पण तिथेही ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. मात्र आपल्याच २०२० च्या नियमांनुसार माल सदोष असेल, ठरल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झालेल्या उशिराचा. म्हणजे ‘कोणत्याही परिस्थितीत परत नाही’ ही ओळ ग्राहकाला घाबरवते, पण विक्रेत्याचं रक्षण करत नाही.

तिच्या जागी मी असं लिहीन : ‘ही पाटी तुमच्या मजकुरावरून बनते. तुम्ही मंजूर केलेल्या प्रूफप्रमाणे बनलेली पाटी मन बदललं म्हणून किंवा मंजूर मजकुरातली चूक नंतर लक्षात आली म्हणून परत घेता येणार नाही. पाटी मंजूर प्रूफपेक्षा वेगळी असेल, तुटलेली असेल किंवा मुदतीनंतर पोहोचली, तर आम्ही नवी बनवून देऊ किंवा पैसे परत करू. लाकडाचे रेषे आणि छटा फोटोपेक्षा थोड्या वेगळ्या असू शकतात.’ हा मजकूर पैसे भरण्याच्या बटणाच्या वर दिसावा, आणि प्रूफसोबत पुन्हा जावा.

कऱ्हाडकरांची पाटी रफार घेऊन पोहोचली असं समजा. मूळ मजकुरात ‘ऱ्ह’ होता, प्रूफमध्येही होता, पाटीवर नाही : नवी पाटी आपल्या खर्चाने. मूळ मजकुरातच रफार होता आणि प्रूफ तसंच मंजूर झालं : नवी पाटी ग्राहकाच्या खर्चाने. मूळ बरोबर, प्रूफ चुकलेलं आणि तरी मंजूर, हे प्रकरण सर्वांत अवघड. अट आपल्या बाजूने आहे असं वाटेल. पण चूक टंकणाऱ्याने केली, ग्राहकाने फक्त ती पकडली नाही. माझ्या मते अशी पाटी निमूटपणे पुन्हा कोरून द्यावी. मंजुरी मागायची ती ग्राहकाचा निर्णय पक्का करण्यासाठी. आपली चूक त्याच्या नावावर टाकण्यासाठी नव्हे.