गुणतक्त्याची पडताळणी, सरासरी आणि अनुक्रमांक
(सुरत येथील मराठी शाळांच्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची अनेक मुले शिकतात. कुटुंब गावी परतले की मुलाचे गुणपत्रकही त्याच्याबरोबर जाते. त्यातील चूक मग दुरुस्त होणे कठीण. म्हणून आज गुणतक्त्याविषयी बोलतो.

एक लहान उदाहरण घेऊ. पेपर ५० गुणांचा आहे. सहा विद्यार्थ्यांपुढे तक्त्यात ४७, ५४, ३८, ग, ३८ आणि ३२ अशा नोंदी आहेत. ‘ग’ म्हणजे गैरहजर. या नोंदींवरून सरासरी ४१.८ येते आणि ५४ गुणांचा विद्यार्थी पहिला ठरतो. परंतु पन्नासपैकी चौपन्न गुण मिळणे अशक्य आहे. उत्तरपत्रिका पाहता गुण ४५ निघतात. उतरवताना अंकांची अदलाबदल झाली होती. दुरुस्तीनंतर बेरीज २००, पाचांची सरासरी ४० आणि पहिला क्रमांक ४७ गुणांच्या विद्यार्थ्याचा. यास्तव आधी पडताळणी, मग सरासरी व शेवटी अनुक्रमांक, हा क्रम सोडू नये.

संगणकावरील तक्त्यात कमाल गुण B1 मध्ये आणि नोंदी B2 ते B7 मध्ये लिहाव्यात. पुढील तीन सूत्रे पुरेशी आहेत:

```
=IF(ISNUMBER(B2),IF(B2>B$1,"तपासा",""),"")
=AVERAGE(B2:B7)
=IF(ISNUMBER(B2),RANK(B2,B$2:B$7),"")
```

पहिले व तिसरे सूत्र प्रत्येक ओळीत खाली उतरवावे. त्यांतील ISNUMBER गाळू नये. एक्सेलमध्ये अक्षर हे कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानले जाते. त्यामुळे ‘ग’ पुढेही ‘तपासा’ उमटेल. सरासरीचे सूत्र मात्र अक्षर आपोआप वगळते. गैरहजर मुलासाठी शून्य लिहिले, तर तीच बेरीज सहांत विभागली जाऊन सरासरी ३३.३३ वर घसरते. शून्य म्हणजे परीक्षा देऊन मिळालेले शून्य, एवढाच अर्थ ठेवावा.

समान गुणांना समान अनुक्रमांक मिळतो. आपल्या उदाहरणात ३८ गुणांचे दोघेही तिसरे, आणि ३२ गुणांचा विद्यार्थी चौथा नव्हे, पाचवा; कारण त्याच्यापुढे चार जण आहेत. हा प्रश्न पालक हमखास विचारतात, म्हणून कारण सांगून ठेवले.

या तपासणीची मर्यादाही ध्यानी असावी. कमाल गुणांच्या आत बसणारी चूक सूत्राला दिसत नाही. हाच पेपर शंभर गुणांचा असता, तर ५४ ही नोंद बिनबोभाट राहिली असती. त्यावर जुनाच उपाय आहे: एकाने उत्तरपत्रिकेवरील गुण मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवून ते ताडून पाहावेत. आणि ‘तपासा’ असे उमटले, तर तो आकडा अंदाजाने बदलू नये. उत्तरपत्रिका काढूनच दुरुस्ती करावी व तिच्यापुढे सही करावी.