अकरा दिवसांचा डबा



"सध्या कुठे असतेस?" असं सकाळपासून सगळे विचारताहेत. उत्तर इथूनच देते. मार्चमध्ये माझी नोकरी गेली.

आमचा अख्खा विभागच बंद झाला होता, माझ्या कामात खोट नव्हती. तरी नापास झाल्यासारखं वाटलं. पुढचे ११ दिवस मी डबा घेऊन घरातून निघायचे आणि वाचनालयात बसून संध्याकाळी परतायचे.

बाराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घेऊ या, तुझ्या कंपनीचा विमा आहेच." तो विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपला होता. आता गप्प राहिले असते, तर त्यांना ते दवाखान्यात बिल भरताना कळलं असतं. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं, सकाळी सासूबाईंना. त्या एवढंच म्हणाल्या, "डबा तरी नीट खात होतीस ना?"

नातेवाइकांसाठी एकच वाक्य ठरवलं: "विभाग बंद झाला, नोकरी गेली, दुसरी शोधतेय." 'ब्रेक घेतलाय' म्हटलं असतं, तर ते खोटं प्रत्येक लग्नकार्यात सांभाळत बसावं लागलं असतं. आत्याला मी स्वतः फोन केला. बाकीच्यांना तिनेच कळवलं. तिसऱ्या दिवशी मामेभावाने माझा बायोडेटा मागितला. त्याला माहीतच नसतं, तर त्याने तो कशाला मागितला असता?

नोकरी अजून मिळालेली नाही. जेवताना कुणी विचारलं, तर तेच वाक्य पुन्हा सांगेन.