पहिली नाही, दुसरी बाई

(नारायणगाव येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी इथून जवळच्याच एका वस्तीवर मी दहाव्याला गेले होते. गेलेल्या माणसाची बायको तिशीतली. जावा, नणंदा, शेजारणी मिळून आठ-नऊ जणी तिच्याभोवती बसल्या आणि तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यापैकी पाच जणींशी एकेकीच्या घरी जाऊन बोलले. पाचही जणी म्हणाल्या, "मला नव्हतं पटत, पण बाकीच्यांना पाहिजे होतं ना." मीही तिथेच बसले होते आणि मीही गप्पच होते.

या गप्प बसण्याचा अभ्यास सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास अमेरिकेत केला. सात-आठ विद्यार्थी एका खोलीत बसवायचे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींतली कोणती रेघ पहिलीएवढी, ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. उत्तर इतकं उघड, की एकट्याने सांगताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. पण गंमत अशी, की एक सोडून बाकी सगळे अ‍ॅशने शिकवून आणलेले होते. अठरापैकी बारा वेळा ते सगळे एकमुखाने चुकीचं सांगत. खऱ्या विद्यार्थ्याची पाळी शेवटी-शेवटी येई. अशा वेळची साधारण एक तृतीयांश उत्तरं इतरांसारखीच चुकीची आली. चारांतले तीन जण एकदा तरी वाहवले.

चारांतला एक मात्र एकदाही वाहवला नाही. आणि दोन तृतीयांश उत्तरं बरोबरच होती, हे सांगायचं पुष्कळजण विसरतात. माणूस म्हणजे मेंढरूच, असं काही यातून निघत नाही. शिवाय ते सगळे अमेरिकेतले कॉलेजचे मुलगे होते. आपल्या भावकीत दबाव रेघांचा नसतो, उद्या कोण आपल्या दारात येणार याचा असतो.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. अ‍ॅशने शिकवलेल्यांपैकी एकालाच बरोबर उत्तर द्यायला लावलं. एवढ्यानेच चुकीची उत्तरं पाव हिश्शावर आली. तो एकजण बरोबर नसला, इतरांपेक्षा वेगळं पण चुकीचंच बोलला, तरीही विद्यार्थ्याला धीर आला. म्हणजे वाकवत होती ती संख्या नाही, सगळ्यांचा एकच सूर. मग अ‍ॅशने त्या साथीदाराला मध्येच गटाकडे वळवलं. त्याबरोबर चुका पुन्हा जवळजवळ पहिल्याइतक्या झाल्या. पण तो काही कामासाठी उठून गेला, तेव्हा चुका वाढल्या तरी इतक्या नाही. साथीला कोणी नसण्यापेक्षा साथ सोडून जाणारी जास्त महाग पडते, हे मोर्चात चाललेल्या आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. आणखी एक: उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही चुका पुष्कळ कमी झाल्या.

स्टॅन्ली मिलग्रॅमने १९६१-६२ मध्ये हुकमाचं तपासलं. समोरचा माणूस विव्हळतोय आणि साहेब म्हणतो "चालू ठेवा", तर विजेचे धक्के कुठवर द्याल? धक्के खोटे होते. पहिल्या मोठ्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस पुरुष शेवटच्या बटणापर्यंत गेले, आणि बायकांवर केला तेव्हा बायकाही तितक्याच. बाई मुळातच मायाळू, हा समज तिथे टिकला नाही. (पुढे त्याची कागदपत्रं तपासली गेली तेव्हा दिसलं, की कितीतरी जणांना नाटकाचा संशय आला होता. म्हणून तो आकडा जपून वापरावा.) पण शेजारी बसलेले दोघे मध्येच "आम्ही नाही करत" म्हणून उठले, तेव्हा चाळीसपैकी चारच शेवटपर्यंत गेले.

आता हेरवाड. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ रोजी तिथे ठराव झाला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. सूचक बाई आणि अनुमोदकही बाईच. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. मला त्यातली अनुमोदक मोठी वाटते. पहिली बोलली तर "हिचं नेहमीचंच" म्हणून सोडता येतं. दुसरी बोलली की तो एकच सूर मोडतो आणि तिसरीला जागा होते. पण ठराव दप्तरात राहतो आणि बांगड्या अंगणात फुटतात. तिथे कोणीतरी तो तोंडाने म्हणावा लागतो.

म्हणून त्या वस्तीवर आम्ही आधी एकेकीला तिच्या घरात विचारलं, चारचौघींत नाही. "पटत नाही" म्हणणाऱ्यांपैकी दोघी ठरल्या. एक बोलेल, दुसरी लगेच "मलाही तसंच वाटतं" म्हणेल आणि शेवटपर्यंत उठणार नाही. गेल्या पावसाळ्यात तशी वेळ आली. पहिली बोलली. एक म्हातारी तिच्यावर ओरडली. दुसरी खाली बघत होती. मला वाटलं, संपलं. मग ती हळूच म्हणाली, "राहू द्या ना बांगड्या." त्या दिवशी कुंकू पुसलं गेलं. बांगड्या राहिल्या.