मामांचे पैसे, पण कागदावर

समजा, लालबागच्या चाळीत पन्नास हजारांची नड आली. ‘शेकडा 5’ लावणारा सावकार महिन्याला 2,500 घेतो. वर्षात 30,000 जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे. त्याच्याकडे परवाना आहे का, तेही विचारा. बचत गटात शेकडा 2 पडले, तरी व्याज गटातच राहतं. बँक त्याहून स्वस्त, पण पगाराचे कागद मागते.

मामांनी बिनव्याजी दिले, तर संकोच सोडून लिहा: तारीख, रक्कम, हप्ता, दोघांच्या सह्या. 20,000 किंवा अधिक उसने रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही. रक्कम खात्यावरच घ्या. वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी मामांनी बाकीची लेखी कबुली सहीनिशी घ्यावी.