पळून गेलेल्या गाडीची भरपाई



जळगाव-पारोळा-धुळे रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, आणि ‘अज्ञात वाहनाच्या धडकेने’ हे शब्द आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळतात. घरची माणसे म्हणतात, “गाडीचा नंबरच नाही, मग मागायचे तरी कोणाकडे?” पण गाडी शेवटपर्यंत सापडली नाही, तरी केंद्र सरकारच्या योजनेतून भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये आहे. पूर्वी २५ हजार आणि साडेबारा हजार होती. हाड मोडले, तरी कायद्याने ती गंभीर दुखापतच.

समजा, धुळे तालुक्यातला एक गृहस्थ पारोळ्याजवळ असा दगावला. त्याच्या बायकोने अर्ज कोठे करावा? धुळ्याला नव्हे. अपघात ज्या तालुक्यात झाला, तेथल्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतसाहेब किंवा तहसीलदार यांच्याकडे. पुष्कळ हेलपाटे येथेच पडतात! अर्जाला पोलिसांतल्या प्रथम खबरीची व शवविच्छेदन अहवालाची नक्कल, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडावी. माणूस जखमी असेल, तर दुखापतीचा दाखला आणि इस्पितळाची बिले लागतात. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची, आणि पुढच्या पंधरा दिवसांत विमा कंपन्यांच्या परिषदेने पैसे थेट खात्यात भरायचे, असा नियम आहे. नियम, हो! प्रत्यक्षात पाठपुरावा करावाच लागतो.

खरी अडचण मात्र त्याआधीच होते. नंबर नाही म्हणून कोणी फिर्यादच देत नाही. किंवा गडबडीत इस्पितळात ‘गाडीवरून पडला’ असे सांगितले जाते आणि केसपेपरावर तेच लिहिले जाते. मग धडक बसली होती हे सिद्ध करणे फार जड जाते. म्हणून केसपेपर त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यावा, आणि फिर्यादीत ‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ असे स्पष्ट लिहिले आहे ना, ते पाहावे.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी आदेश दिला आहे. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. तसे पत्र आले नाही, तर आपणच ठाण्यावर जाऊन मागावे.

अर्जाबरोबर एका हमीपत्रावर सही घेतात. तिला पुष्कळ बायका भितात. आपला हक्क गेला असे त्यांना वाटते. तसे नाही. पुढे गाडी सापडली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे पूर्ण भरपाईचा दावा करता येतो. तेथून रक्कम मिळाली, की या योजनेतून घेतलेले पैसे तेवढे परत करावे लागतात. हमी असते ती एवढ्याचीच.